सीएसव्ही की व्हीकार्ड?

सोसायटीच्या छापील डिरेक्टरीचं स्कॅन, त्यात नाव, नंबर, पत्ता असे तीन रकाने. ओसीआर करून मजकूर शीटमध्ये आला, आता फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये इम्पोर्ट करायला फाइल कोणती?

मी आधी सीएसव्हीच करतो, कारण चुका तिथे उघड्या पडतात. लांब पत्ता दोन ओळींत मोडला असेल, तर खालच्या ओळीत नंबराचा रकाना रिकामा दिसतो. तो तुकडा वरच्या पत्त्याला जोडायचा. नंबराची लांबी मोजली की नऊ आकडी मोबाइलही सापडतो. मात्र नंबराचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर एक्सेल लँडलाइनचं सुरुवातीचं शून्य गिळतं. पत्त्यात स्वल्पविराम असतोच, म्हणून अख्खा पत्ता अवतरणचिन्हांत हवा:

```
First Name,Phone 1 - Value,Address 1 - Street
सुमन,020XXXXXXXX,"4, गोकुळ"
```

हे मथळे गूगल कॉन्टॅक्ट्सचे. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी नावांचा कचरा होतो.

व्हीकार्ड फोन थेट उघडतो, कॉम्प्युटर लागत नाही. पण पत्त्याला सात कप्पे, रिकाम्यांचेही अर्धविराम मोजून द्यायचे:

```
ADR:;;4\, गोकुळ;पुणे;;411030;
```

एक अर्धविराम चुकला की पिनकोड राज्याच्या जागी. हाताने हे लिहू नये. तपासलेली सीएसव्ही गूगलमध्ये चढवून तिथूनच व्हीकार्ड एक्सपोर्ट करावं.