स्वारगेट ते स्टेशन: रिक्षा की एसी कॅब?

अंतर धरा पाच किलोमीटर. रिक्षाचा 2022चा दर पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये, पुढे किलोमीटरला 17. उरलेल्या साडेतीनचे साडेएकोणसाठ. एकूण 85च्या आसपास. एसी कॅबचा 2024चा दर 37 आणि 25, म्हणजे सुमारे 125.

हिशोब चुकतो तो एकाच ठिकाणी: पाचही किलोमीटर 17ने गुणून वर 25 मिळवले की 110 होतात. दीड किलोमीटर दोनदा मोजला जातो! खरं तर नुसतं पाच गुणिले 17 केलं तरी 85च येतात, कारण सुरुवातीचे 25 जवळपास त्याच दराचे आहेत. कॅबला 25ने गुणा.

अंतराचा अंदाज किलोमीटरभर चुकला, तर रिक्षात 17चा फरक, कॅबमध्ये 25चा. सामान नसेल तर मी रिक्षाच घेईन.