टाइम हायरार्की थिअरम: सेमिनारला कोणती सिद्धता घ्यायची?

परभणी असो, लातूर असो की अंबाजोगाई, एम.एस्सी. संगणकशास्त्राच्या सेमिनारला टाइम हायरार्की थिअरम घेणाऱ्याची अडचण एकच असते. विधान सोपं आहे: मशीनला पुरेसा जास्त वेळ दिला, की आधी ज्या भाषा त्याला ठरवता येत नव्हत्या त्यातल्या काही ठरवता येऊ लागतात. पण सिद्धता पुस्तकागणिक बदलते. एका पुस्तकात दीड पानात काम संपतं आणि वेळ थेट घनात वाढवावा लागतो. दुसऱ्यात तीन पानं जातात आणि फक्त एका log इतका फरक पुरतो. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही डायगोनलायझेशनच्याच आहेत. फळ्यासमोर उभं राहायचं तर कोणती घ्यावी, ते एकदा नीट पाहू.

आधी छोटी सिद्धता. तिच्यात एक भाषा घेतात, तिला H_f म्हणू. मशीन M आणि इनपुट x अशी जोडी या भाषेत तेव्हाच असते, जेव्हा M हे x ला f(|x|) स्टेपच्या आत स्वीकारतं. हे हॉल्टिंग प्रॉब्लेमचंच रूप आहे, फक्त त्याला मुदत घातलेली. H_f ठरवायला f³ च्या आसपास वेळ लागतो. आधी f(|x|) मोजून तेवढ्या खुणा एका टेपवर मांडायच्या, मग M चालवत प्रत्येक स्टेपला एक खूण खोडायची. M ला कितीही टेप असोत, त्या एका टेपवर आणताना वर्ग होतो, आणि दर स्टेपला M चं वर्णन चाळावं लागतं म्हणून आणखी एक गुणक चढतो. तोच घन.

आता उलट बाजू. समजा कुणी म्हणालं, H_f आपण f(n/2) वेळात ठरवतो (n/2 पूर्णांकात खाली धरायचं). मग D नावाचं मशीन बांधा. त्याला M चं वर्णन द्यायचं. ते M ची जोडी M शीच लावतं, H_f ला विचारतं आणि उत्तर उलटं करतं. वर्णन ५०० अक्षरांचं असेल तर मधल्या खुणेसकट जोडी १००१ अक्षरांची झाली. १००१ चं अर्ध ५००, म्हणजे D ला f(500) इतकाच वेळ लागला. आता D ला D चंच वर्णन द्या. D ने ते स्वीकारलं, तर मुदतीतच स्वीकारलं, म्हणून H_f «हो» म्हणणार आणि D ने नाकारायला हवं होतं. नाकारलं, तर H_f «नाही» म्हणणार आणि D ने स्वीकारायला हवं होतं. झाली विसंगती. निष्कर्ष असा, की f(n) वेळात जे जमतं त्यापेक्षा f(2n+1)³ वेळात नक्की जास्त जमतं.

ही सिद्धता फळ्यावर वीस मिनिटांत बसते आणि हॉल्टिंग प्रॉब्लेम शिकलेल्या वर्गाला ओळखीची वाटते. P आणि EXP वेगळे आहेत हे दाखवायला ती पुरेशी आहे: सगळं P हे 2^n वेळात मावतं, आणि 2^n पेक्षा 2^(6n+3) मध्ये जास्त जमतं. तिची उणीव मात्र लगेच दिसते. f ला n² ठेवलं तर समोर n⁶ येतं. मग n² आणि n³ चं काय, हा प्रश्न मागच्या बाकावरून हमखास येतो.

दुसऱ्या सिद्धतेत घड्याळ उघडं दिसतं. एकटेपी मशीन घ्या आणि t(n) हा वेळ. D ला w हे इनपुट मिळतं, लांबी n. D आधी t(n) मोजतं आणि t(n)/log t(n) हा आकडा बायनरीत काउंटरमध्ये टाकतं. मग w चं रूप तपासतं: आधी एखाद्या M चं वर्णन, मग एक 1, मग कितीही शून्यं. असं नसेल तर नाकारायचं. असेल तर M ला त्याच w वर चालवायचं, आणि या नकलेच्या दर स्टेपला काउंटर एकाने कमी करायचा. काउंटर संपला, नाकारा. त्याआधी M ने स्वीकारलं, तरी नाकारा. M ने नाकारलं, तर स्वीकारा.

यात log कुठून येतो हे नीट समजून घ्या, कारण पॅनेल नेमकं इथंच बोट ठेवतं. टेप एकच आहे. हेड M च्या मागे भटकणार आणि काउंटर मात्र टेपच्या सुरुवातीला पडून राहणार असं केलं, तर प्रत्येक स्टेपला तिथवर जाऊन यावं लागेल आणि बजेट कोसळेल. म्हणून टेपचे थर करून काउंटर हेडबरोबर सरकवत नेतात. काउंटरला साधारण log t बिट लागतात, ते सरकवायला तेवढाच वेळ. t/log t स्टेप, प्रत्येकीला log t खर्च, एकूण t. हिशोब जुळला.

बहुटेपी मशीनच्या सिद्धतेतही log येतो, पण तो दुसराच आहे. तिथं काउंटर स्वतःच्या टेपवर निवांत बसतो, घटवायला सरासरी स्थिर वेळ लागतो. तिथला log येतो कारण M ला कितीही टेप असल्या तरी D कडे ठरावीकच आहेत, आणि तेवढ्यात M ची नक्कल बसवावी लागते. हार्टमॅनिस आणि स्टर्न्स यांनी १९६५ मध्ये हा सिद्धांत मांडला तेव्हा फरक वर्गाचा लागत होता. १९६६ मध्ये हेनी आणि स्टर्न्स यांनी दोन टेपांवर log एवढ्याच जादा खर्चात नक्कल करून दाखवली आणि फरक log वर आला. हे दोन log एकमेकांत मिसळून सांगणारे बरेच भेटतात. तुम्ही त्यातले होऊ नका.

आता शून्यांच्या शेपटीकडे. ती कशाला हवी? इथं एक हिशोब पूर्ण करून दाखवतो. t(n) = n³ घ्या. समजा कुणी M आणून म्हणालं, हे तुमच्या D चीच भाषा 100n² स्टेपमध्ये ठरवतं. M चं वर्णन ५०० अक्षरांचं आहे आणि D ला M ची एक स्टेप उतरवायला स्वतःच्या ४० स्टेप लागतात. शेपटी न लावता नुसतं वर्णन दिलं तर n = 500 धरा. M ला अडीच कोटी स्टेप लागतील, म्हणजे D ला १०० कोटी. काउंटरमध्ये किती आहेत? ५०० चा घन साडेबारा कोटी, त्याला log ने (पाया २, सुमारे २७) भागलं की जेमतेम ४६ लाख. घड्याळ केव्हाच संपलं, D ने नाकारलं. M ही कदाचित नाकारतच असेल. मग दोघांची उत्तरं सारखी आली आणि विसंगती कुठंच नाही.

आता त्याच वर्णनापुढे 1 आणि शून्यं लावून लांबी २,२०,००० करा. M ला D वर उतरवायला 40 × 100 × n², म्हणजे सुमारे १९४ लाख कोटी स्टेप. काउंटरमध्ये n³ भागिले ५३, सुमारे २०० लाख कोटी. घड्याळ थोडक्यात पुरलं, M चं उत्तर हाती आलं आणि D ने ते उलटं केलं. या एका w वर दोघांचं पटत नाही, आणि खोडायला एक पुरतो. १०० आणि ४० हे गुणक कितीही मोठे असोत, n³/log हा n² ला कधीतरी ओलांडतोच. शेपटी त्या टप्प्यापर्यंत पोचवते. तुम्ही लिहिलेल्या सिद्धतेत शेपटी कुठंच वापरली गेली नसेल आणि M ची लांब वर्णनंही घेतली नसतील, तर सिद्धतेला भोक आहे असं समजा.

आणखी एक तपासणी दोन्हींना लागू आहे. «आधी t(n) मोजतं» हे वाक्य t कोणताही असला तरी चालेल का? नाही. t इतका सरळ हवा की तो मोजायलाच t पेक्षा जास्त वेळ लागू नये. याला टाइम-कन्स्ट्रक्टिबल म्हणतात. n², n³, 2^n असे आहेत. ही अट काढली तर सिद्धांतच खोटा पडतो: ट्राखटेनब्रोट (१९६४) आणि बोरोडिन (१९७२) यांच्या गॅप थिअरमप्रमाणे असे विचित्र f बांधता येतात, जिथं f वरून 2^f वर गेलं तरी एकही नवी भाषा मिळत नाही. घड्याळाला चावी देण्यातच सगळा वेळ जातो म्हणा ना. सेमिनारमध्ये ही अट तोंडातल्या तोंडात पुटपुटणारे पॅनेलच्या तावडीत सापडतात.

मग निवड? मागच्या बाकावरचा n² आणि n³ चा प्रश्न छोट्या सिद्धतेनेही सुटतो, हे फार जणांना माहीत नसतं. समजा n² आणि n³ मध्ये काहीच फरक नाही. मग n^4.5 वेळाची कोणतीही भाषा घ्या आणि तिच्या इनपुटला शून्यं लावून लांबी n^1.5 करा. नव्या लांबीच्या मानाने वेळ घन झाला, तो गृहीतकाने वर्गावर उतरला, आणि वर्ग म्हणजे मूळ हिशोबात n³. म्हणजे n^4.5 ही n³ वर आलं आणि तिथून n² वर. पुन्हा एकदा तेच केलं, या वेळी लांबी n^2.25, की n^6.75 ही n² वर येतं. पण n² आणि n⁶ वेगळे आहेत हे आपण आधीच सिद्ध केलंय. घातांकांमधला फरक दाखवायला log ची मेहनत लागतच नाही. (गुणक दोन्हीकडे सोडून दिलेत, बहुटेपी मशीनवर वेळ स्थिर पटीने कमी करता येतो म्हणून ते चालतं.)

तेव्हा वेळ अर्ध्या तासाचा आणि वर्ग नवखा असेल, तर छोटी सिद्धता आणि हा शून्यांचा डाव घ्या. P, EXP आणि सगळे घातांक त्यात आले. n² विरुद्ध n²(log n)² अशी बारीक तुलना हवी असेल तर मात्र दुसरीला पर्याय नाही, कारण शून्यं लावून इतका बारीक फरक पकडता येत नाही. माझा स्वतःचा कल, पूर्ण तास मिळणार असेल तर, दुसरीकडेच आहे. पहिलीत घड्याळ H_f च्या व्याख्येत दडून बसतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा हॉल्टिंग प्रॉब्लेम पुन्हा सांगितला. दुसरीत काउंटर किती, तो कोण सरकवतो, कधी संपतो आणि संपला तर काय, हे प्रत्येक प्रश्न फळ्यावर सोडवावे लागतात.

नॉन-डिटरमिनिस्टिक मशीनचा सिद्धांत त्याच तासात कोंबायचा मोह टाळा. तिथं एखादी वाट स्वीकारते का हे पाहून उत्तर उलटं करता येत नाही, कारण «एकही वाट स्वीकारत नाही» हे नॉन-डिटरमिनिस्टिक मशीनला झटपट कळत नाही. कुक यांना १९७२ मध्ये त्यासाठी वेगळीच युक्ती करावी लागली, आणि तिला वेगळा तास लागतो.