आगाऊ प्राप्तिकराचे चार हप्ते की मार्चमध्ये एकच?

सोलापुरातल्या एका इंटिरिअर डिझायनरचं उदाहरण घेऊ. २०२५-२६ मध्ये ३० लाख आले, पण बहुतेक दसऱ्यानंतर. खरा खर्च १० लाख. टीडीएस नाही, नवी करप्रणाली.

खऱ्या नफ्यावर, म्हणजे २० लाखांवर, कर २,०८,०००. त्याचे १५, ४५, ७५, १०० टक्के अनुक्रमे १५ जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चपर्यंत भरायचे. जून-सप्टेंबरात काहीच भरलं नाही, तर व्याज ९३६ अधिक २,८०८ रुपये. पैसे नंतर आले ही सबब इथे चालत नाही. लॉटरी किंवा भांडवली नफ्याला मिळते तशी सवलत नियमित व्यवसायाला नाही. म्हणून दर हप्त्याला वर्षाचा अंदाज नव्याने मांडावा लागतो.

प्राप्तिकर कायद्यातलं कलम ४४एडीए, म्हणजे अंदाजित उत्पन्नाची सोय, घेतलं तर निम्मी जमा, १५ लाख, हेच उत्पन्न धरलं जातं. कर १,०९,२००, आणि तो सगळा १५ मार्चपर्यंत एकदाच. या डिझायनरने हेच घ्यावं, असं मी ठामपणे सांगेन.

मात्र ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे. आणि खर्च निम्म्याहून जास्त असेल तर पहिलाच मार्ग बरा. कमी नफा दाखवायचा तर हिशोबवह्या आणि ऑडिट आलंच.