घरबसल्या अर्धवेळ अकाउंट्सचं काम: जॉब पोर्टल सात महिने वापरल्यावर

मुलगी बालवाडीत जायला लागली आणि मी पुन्हा काम शोधायला बसले. कर्वेनगरहून रोज खराडी गाठणं जमणार नव्हतं, त्यामुळे दिवसाला चार तास आणि घरून, एवढीच अट. दोन जॉब पोर्टल सात महिने वापरली. ६३ अर्ज, ९ टेस्ट, आणि हाती एक काम.

पहिला महिना फुकट गेला, तो माझ्याच सर्चमुळे. ‘work from home’ टाकलं की डेटा एंट्रीच्या जाहिरातींचा नुसता ढीग. एकाने व्हॉट्सॲपवर रजिस्ट्रेशनचे ९९९ रुपये मागितले. मी भरले नाहीत, पण आमच्या शेजारच्या काकूंच्या सुनेने असेच भरले होते. तिला नंतर ‘कामात चुका, करारभंग’ म्हणत वकिलाची खोटी नोटीस आली आणि आणखी पैशांची मागणी झाली. शेवटी तिने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली.

मग मी कामाचंच नाव टाकायला लागले: ‘GST reconciliation’, ‘Tally’. पार्ट टाइमचा फिल्टर आणि फक्त मागच्या तीन दिवसांतल्या जाहिराती. खऱ्या जाहिरातीत बिलं किती, सॉफ्टवेअर कुठलं, हे असतं. ‘कुणीही करू शकेल’ म्हणणाऱ्याला काम द्यायचंच नसतं. फोन आला की मी जीएसटी नंबर मागते. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकून बघता येतो. फर्मचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते दिसतं. यालाही मर्यादा आहेच, कारण भामटे दुसऱ्याच्या खऱ्या फर्मचं नाव सर्रास वापरतात. म्हणून फर्मच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर शोधून उलटा फोन करायचा.

अर्जाचं म्हणाल तर, पहिले तीसेक अर्ज मी एकाच रेझ्युमेवर केले. वरती ‘सहा वर्षांचा अनुभव, मेहनती’ वगैरे. एकाचंही उत्तर नाही. पुढे पहिली ओळ प्रत्येक जाहिरातीप्रमाणे बदलली. 2B म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणारी यादी. जाहिरातीत ‘2B मॅचिंग’ असेल तर: ‘टॅलीतलं खरेदी रजिस्टर दर महिन्याला GSTR-2B शी जुळवत होते, साधारण ४०० बिलं, न जुळलेल्यांची यादी पुरवठादाराप्रमाणे काढून द्यायचे.’ जे केलं तेच लिहिलं, फक्त त्यांच्या शब्दांत. टेस्टची बोलावणी आली ती या अर्जांनाच.

टेस्ट बहुतेक ठिकाणी तीच: दोन शीट, एकात खरेदी रजिस्टर, दुसऱ्यात 2B, चाळीस मिनिटं, फरक शोधा. पहिल्या टेस्टला मी सरळ VLOOKUP लावलं आणि निम्म्या बिलांपुढे #N/A आलं. डोळ्यांना दोन्हीकडे नंबर सारखाच, ‘PN/0417’. घरी येऊन, म्हणजे स्वयंपाकघरातून परत टेबलापाशी येऊन, LEN लावून पाहिलं तर एकीकडे ७ आणि दुसरीकडे ८. शेवटी न दिसणारी स्पेस होती, आणि तीही TRIM ने न जाणारी. वेबवरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या डेटात ती हमखास येते. तेव्हापासून दोन्ही शीटमध्ये आधी ही जोडकी तयार करते (A मध्ये जीएसटी नंबर, B मध्ये बिल नंबर):

```
=A2&"|"&TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))
```

मग VLOOKUP ऐवजी या जोडकीवर दोन्ही बाजूंना SUMIFS ने कराची बेरीज करते. एकाच बिलात ५ टक्के आणि १८ टक्के असा माल असला की रजिस्टरमध्ये दोन ओळी पडतात. VLOOKUP पहिली ओळ उचलून गप्प बसतं आणि खोटा फरक दाखवतं. रुपयाच्या आतला फरक राउंडिंगचा म्हणून वेगळा ठेवायचा. तपासणारे शेवटी बघतात ते फरकाच्या ओळीपुढे कारण लिहिलंय का: ‘पुरवठादाराने अजून बिल दाखवलेलं नाही’, ‘बिल नंबर चुकलाय’ असं.

सराव मी जुन्या फायलीतली नावं बदलून, त्यात मुद्दाम स्पेस आणि दुबार ओळी घुसवून केला. एकदा टेस्ट गुरुवारी घेतली आणि महावितरणच्या दुरुस्तीत दोन तास लाइट गेली; आता गुरुवार सोडून वेळ मागते.

एक ‘टेस्ट’ मात्र दीड हजार ओळींची होती, मुदत तीन दिवस. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकले तर खऱ्या फर्म निघाल्या, आणि बिलं त्याच महिन्याची. म्हणजे कुणाचं तरी रिटर्न माझ्याकडून फुकटात करून घेणं चाललं होतं. पन्नास ओळी करून पाठवल्या आणि पुढच्यांचे पैसे विचारले. उत्तर आलं नाही.

पोर्टलला पाचपैकी तीन. फिल्टर चांगले, पण पार्ट टाइम लिहून मुलाखतीत ‘नऊ तास, ऑफिसला या’ म्हणणारे फार. मिळालेलं काम पिंपरीच्या एका छोट्या कारखान्याचं आहे, महिना १४ हजार. दर महिन्याच्या १४ तारखेला 2B तयार होतं, त्यामुळे १५ ते १९ घरात माझ्याशी कुणी फार बोलत नाही.