उशिरा उत्तर: आधी ‘सॉरी’ की थेट गप्पा?

‘हाय, कसा आहेस?’ असा शाळेतल्या मित्राचा मेसेज सोमवारी आला आणि शनिवार उजाडला तरी मी उत्तर दिलं नव्हतं. अशा वेळी दोनच रस्ते उरतात. आधी माफी मागायची, नाहीतर काही झालंच नाही अशा थाटात बोलायला लागायचं. अंगठा किंवा हसरा चेहरा टाकून मोकळं होणं मी धरतच नाही. पाच दिवसांनी आलेला नुसता अंगठा म्हणजे दार लावून घेणंच.

माफीचा रस्ता मी बरीच वर्षं वापरला. ‘सॉरी रे, कामात होतो, आत्ताच बघितला.’ वाईट नाही, नम्र वाटतं. पण मागे एकदा असंच लिहिल्यावर समोरून आलं, ‘हो का? माझा स्टेटस काल बघितलास की!’ स्टेटस कोणी पाहिला याची यादी टाकणाऱ्याला दिसते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ते हसण्यावारी गेलं. खरा वैताग वेगळाच. माफी मागितली की समोरच्याला ‘अरे चालतं रे’ म्हणावंच लागतं, मग मी ‘नाही रे, खरंच’, आणि गाडी तिथेच थांबते. त्याने विचारलं होतं कसा आहेस, ते राहूनच जातं.

दुसऱ्या रस्त्याचा धोका म्हणजे कोरडेपणा. ‘मजेत. तू?’ एवढंच पाच दिवसांनी गेलं, तर टाळल्यासारखं वाटतं. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे आजची, डोळ्यांसमोरची एक गोष्ट सांगायची. त्या शनिवारी आमच्या नाशिकच्या गंगेला पाणी आलं होतं (बाहेरच्यांसाठी गोदावरी). मी लिहिलं:

‘मजेत आहे रे. आत्ता गंगेवर उभा आहे, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय. शाळा बुडवून पूर बघायला यायचो ते आठवलं. उत्तराला जरा उशीरच झाला. तू अजून पुण्यातच का?’

उशिराचा उल्लेख आहे, पण शेवटाकडे, कारण न देता. सुरुवातीला ठेवला की तोच विषय होतो. शेवटचा प्रश्नही एका शब्दात उत्तर देता येईल असा. ‘बाकी काय चाललंय?’ विचारलं की तोही चार दिवस घेणार. आणखी एक, त्याचा जुना ‘हाय’ ओढून त्यालाच जोडून उत्तर देऊ नका, उशीर उगाच डोळ्यावर येतो.

दोन-तीन दिवसच झाले असतील तर उशिराचं वाक्य मी गाळतो. मावशी-काकांच्या बाबतीत मात्र यातलं काहीच नको, सरळ फोन लावावा. आणि ‘हाय’च्या मागे दवाखाना किंवा पैशाची अडचण निघाली, तर आधी माफीच. तुमचा मित्र मानापमानवाला असेल तर तुमचं गणित वेगळंही असू शकेल.

माझ्या मित्राचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ‘पुण्यातच. मारुतीचा फोटो टाक आधी.’