बाळाच्या नावाचा तक्ता: गुणांची बेरीज की आधी चाळणी?

नावांची यादी तीस-चाळीसवर गेली की बहुतेक घरांत कुणीतरी एक्सेल उघडतं. चार रकाने ठरलेले असतात: अर्थ, उच्चार, आद्याक्षरं आणि घरच्यांचं मत. तक्ता करावा की नाही हा प्रश्न इथे घेत नाही. रकाने भरल्यावर त्यांचं करायचं काय, इथे मात्र दोन वाटा फुटतात. एक म्हणजे प्रत्येक रकान्याला वेटेज देऊन बेरीज करायची आणि सर्वाधिक गुणांचं नाव घ्यायचं. दुसरी म्हणजे आधी काही कसोट्यांवर नावं सरळ बाद करायची आणि उरलेल्यांचा फक्त क्रम लावायचा. मी बेरजेपासून सुरुवात केली आणि चाळणीवर थांबलो. तरी बेरीज टाकाऊ आहे असं म्हणणार नाही. काही घरांत तीच बरी पडेल.

एक नमुना घेऊ. मुलगी आहे, आई रेवती, वडील अमेय, आडनाव देशमुख. यादीत चार नावं उरली आहेत: मृण्मयी, ओवी, इरा, तन्वी. वेटेज ठरलं अर्थाला 30, उच्चाराला 30, आद्याक्षरांना 15 आणि घरच्यांना 25. प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण. पहिल्या ओळीत वेटेज आणि दुसरीपासून नावं असतील, तर सूत्र असं:

```
=SUMPRODUCT(B2:E2,B$1:E$1)/100
```

मृण्मयीला याच क्रमाने 9, 7, 2, 9 मिळाले, म्हणजे 7.35. ओवीला 9, 8, 8, 4 मिळून 7.30. इराला 7, 9, 8, 5 धरून 7.25 आणि तन्वीला 6, 9, 7, 6 धरून 7.05. मृण्मयी जिंकली.

आता आद्याक्षरांच्या रकान्यातल्या त्या 2 कडे बघा. मृण्मयी अमेय देशमुख रोमन लिपीत लिहिलं की आद्याक्षरं होतात M.A.D. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे. त्या क्रमाने M.R.A.D. होतं आणि अडचण मिटल्यासारखी वाटते. पण तीन नावांची सवय एवढ्यात जाणार नाही. शाळेतल्या याद्या, डब्यावरची अक्षरं, पुढे ईमेल, सगळीकडे जुना क्रम दिसत राहील. म्हणून आद्याक्षरं तीन प्रकारे लिहून बघावीत: नाव आणि आडनाव, मधे फक्त वडील, मधे आई-वडील दोघं. याच घरात भार्गवी ठेवलं असतं तर B.A.D. झालं असतं. इरा देशमुखचं I.D. होतं, ते निरुपद्रवी आहे, पण माहीत असलेलं बरं.

मला बेरजेपासून दूर नेणारी गोष्ट ती हीच. बेरजेत एका रकान्यातला दोष दुसऱ्या रकान्यातल्या कौतुकाने भरून निघतो. मृण्मयीच्या आद्याक्षरांचे 2 गुण घरच्यांच्या 9 गुणांनी झाकले गेले. पण प्रत्यक्षात ते झाकले जात नाहीत. आजी-आजोबांचा आनंद बारशाच्या दिवशी खरा असतो, आणि M.A.D. मुलीबरोबर दहावीपर्यंत चालत जातं. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजून एकमेकींत वळत्या करायच्या, हे कागदावरच जमतं.

बरं, वेटेज बदलून सुटेल असं म्हणावं, तर आद्याक्षरांना 20 आणि घरच्यांना 20 करून बघा. मृण्मयी 7.00 वर येते, ओवी 7.50, इरा 7.40, तन्वी 7.10. पहिलं नाव थेट शेवटी गेलं, आणि बदललं काय, तर पाच गुण इकडचे तिकडे. आधीच्या तक्त्यात पहिल्या आणि चौथ्या नावात फरकच 0.30 चा होता. एवढ्या जवळच्या आकड्यांवर निकाल लावला की मनातल्या नावाकडे वेटेज सरकवायचा मोह होतो, आणि घरात ते कुणाच्या तरी लक्षात येतंच. बेरीजच करायची असेल तर गुण भरण्याआधी वेटेज लिहून त्यावर सगळ्यांचा होकार घ्यावा, आणि नंतर वेटेज पाच-पाचने हलवून पाहावं. त्यात जे नाव वर टिकतं तेच खरं वरचं.

घरच्यांच्या रकान्यात आणखी एक गोम आहे. प्रत्येकाची गुण द्यायची पट्टी वेगळी. ओवीचे 4 कसे आले? पाच जणांनी 6, 6, 5, 2 आणि 1 दिले, त्यांची सरासरी. शेवटच्या दोघांना नाव जरासंच नापसंत आहे, पण त्यांची सवयच टोकाचे गुण द्यायची. त्यांनी 4 आणि 4 दिले असते तर सरासरी 5 झाली असती, ओवी 7.55 वर गेली असती आणि निकाल फिरला असता. जो सगळ्यांना आठ ते दहाच्या मधे गुण देतो त्याचं मत बेरजेत जवळजवळ उमटतच नाही, आणि जो एकपासून दहापर्यंत फिरतो तोच नाव ठरवतो. आजी मवाळ आणि मामा परखड असेल तर घरच्यांच्या रकान्यात मामाचंच चालतं, मग त्या रकान्याला वेटेज कितीही ठेवा.

चाळणीत घरच्यांकडून गुण मागतच नाहीत. प्रत्येकाला एक ‘नको’ मिळतो, आणि त्यासोबत कारण द्यावं लागतं. कारण मागितल्याने बरंच निवळतं. ‘मला आवडत नाही’ हे नोंदवून घ्यावं, पण नाव बाद करू नये. ‘हे नाव आत्याच्या सासूचं आहे, मला बाळाला त्या नावाने हाक मारता यायची नाही’ हे कारण मात्र खरं आहे, आणि ते आई-वडिलांना अनेकदा ठाऊकच नसतं.

बाकी तीन चाळण्यांपैकी अर्थाची सगळ्यात सोपी, आणि हयगय सगळ्यात जास्त होते ती इथेच. नावांच्या संकेतस्थळांवरचा अर्थ धरू नये, संस्कृत नाव असेल तर वा. शि. आपट्यांचा संस्कृत कोश उघडावा. आरव म्हणजे शांत असं सर्रास छापलेलं असतं, पण रव म्हणजे आवाज, आणि आरव म्हणजे आरडाओरडा. शांत तो नीरव. अनय हा शब्द गैरवर्तन आणि दुर्दैव या अर्थांनी आहे. नाव गोड वाटतं म्हणून ठेवायला हरकत नाही, फक्त तक्त्यात त्याला अर्थाचे 9 देऊ नयेत. तन्वी म्हणजे सडपातळ, मृण्मयी म्हणजे मातीची. हे अर्थ ज्याला आवडतात त्याने ते समजून घ्यावेत.

उच्चाराची चाळणी फोनवर लावावी. घराबाहेरच्या तिघांना, त्यातला एक तरी मराठी नसलेला, नाव एकदाच सांगायचं आणि रोमनमध्ये लिहून पाठवायला सांगायचं. दोनपेक्षा जास्त स्पेलिंगं आली तर नाव धोक्यात. आपल्याकडे ऋ म्हणजे रु, हिंदीत रि, त्यामुळे मृण्मयी Mrunmayi, Mrunmayee, Mrinmayi, Mrinmayee अशा चार रूपांत फिरते, आणि आधारवर एक, दाखल्यावर दुसरं असं झालं की दुरुस्तीच्या खेपा सुरू होतात. ज्ञ असलेल्या नावांचंही तसंच, आपण Dnya लिहितो, हिंदीवाले Gya. मग पूर्ण नाव मोठ्याने म्हणावं. ‘ओवी रेवती अमेय देशमुख’मध्ये वी आणि ती लागोपाठ येतात आणि थोडं अडखळायला होतं. ‘इरा रेवती’ सरळ जातं. शेवटी दुसऱ्या खोलीतून हाक मारून बघावी. आपण हाकेत शेवटचा स्वर लांबवतो, म्हणून स्वरान्त नावं लांबवर पोचतात.

जन्माक्षर मानत असाल तर त्याला गुण देऊ नयेत, ती पहिलीच चाळणी करावी किंवा पूर्ण बाजूला ठेवावं. रोहिणीच्या पहिल्या चरणाला ओ येतं, तिथे ओवी आपोआप बसते. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण येतो, त्यावर नाव कुठून आणणार? अशा वेळी पत्रिकेतलं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं ही जुनी सोय चांगली आहे.

आपल्या नमुन्यात मृण्मयी दोन चाळण्यांत अडकली: आद्याक्षरं आणि स्पेलिंग. उरलेल्या तिघींचा क्रम आई-वडिलांनी एकमेकांना न दाखवता लावला. आईचा ओवी, इरा, तन्वी, वडिलांचा इरा, ओवी, तन्वी. म्हणजे ओवी आणि इरा बरोबरीत. चाळणीची उणीव इथे उघडी पडते, ती बऱ्याचदा एक नाव देत नाही, दोन देते. ज्या घरात आठ-दहा जणांना आपलं मत मोजलं गेल्याचं दिसायला हवं, किंवा आई-वडील दोघंही निर्णय टाळणारे आहेत, तिथे बेरजेचा एकच आकडा उपयोगी पडेल. तशा घरांनी निदान किमान गुणांची अट घालावी, अर्थ, उच्चार आणि आद्याक्षरांपैकी कशातही 4 पेक्षा कमी असेल तर नाव बाद:

```
=IF(MIN(B2:D2)<4,"बाद",SUMPRODUCT(B2:E2,B$1:E$1)/100)
```

घरच्यांचा रकाना या अटीत मुद्दाम घेतलेला नाही. घेतला तर टोकाचे गुण देणाऱ्याच्या हातात पुन्हा नकार जातो.

दोन नावांवर अडलात तर बाराव्या दिवसाची घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते, आणि नोंदीनंतर 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. बारशाला पाळण्यातलं नाव ठेवा, मग एक आठवडा घरात ओवी म्हणून हाक मारा आणि एक आठवडा इरा म्हणून. दोन आठवड्यांनंतर न ठरवता ज्या नावाकडे घर परत जातं, ते दाखल्यावर घाला.