रेड यीस्ट राइस कॅप्सूल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वापरणारी व्यक्ती ५२ वर्षांची, साखर नॉर्मल, हृदयाचा त्रास कधी झालेला नाही, राहणार नागपूर. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी नको, काहीतरी नैसर्गिक हवं, म्हणून या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या. ६०० मिलीग्रॅमची एक कॅप्सूल, दिवसातून दोन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे सांगायचं आहे ते या प्रकारच्या बहुतेक बाटल्यांना लागू पडतं.

या कॅप्सूलने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खरंच उतरतं. आणि ते उतरतं कारण आत स्टॅटिनच आहे. तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवली की ती मोनाकोलिन नावाची द्रव्यं तयार करते. त्यातलं मोनाकोलिन के आणि लोवास्टॅटिन हे औषध, दोन्हींचा रेणू एकच आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७९ मध्ये मोनॅस्कसपासून मोनाकोलिन के वेगळं केलं. अमेरिकेत तोच रेणू ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीतून मिळाला आणि १९८७ मध्ये लोवास्टॅटिन म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आला. त्यामुळे ‘स्टॅटिन नको म्हणून रेड यीस्ट राइस’ या निर्णयाला तसा अर्थ उरत नाही. स्टॅटिन घेतलं जातंच, फक्त किती घेतलं ते कळत नाही.

हे काम कसं करतं ते नीट समजून घेतलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, शरीर ते स्वतः बनवतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. ही बरीच टप्प्यांची साखळी आहे. तिच्या सुरुवातीच्या एका टप्प्यावर एचएमजी-कोए या द्रव्यापासून मेव्हॅलोनेट बनतं आणि सगळ्या साखळीचा वेग तिथेच ठरतो. हा टप्पा पार पाडणारं एन्झाइम म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज. मोनाकोलिन के गिळताना बहुतांशी बंद कड्याच्या, म्हणजे लॅक्टोनच्या रूपात असतं आणि त्या रूपात ते निष्क्रिय असतं. शरीरात ते कडं उघडतं, आम्ल रूप तयार होतं आणि त्या रूपाचा एक भाग एचएमजीसारखा दिसतो. एन्झाइमच्या ज्या खाचेत एचएमजी-कोए बसायचं, तिथे हे जाऊन बसतं. जागा अडली की मेव्हॅलोनेट कमी आणि पुढे कोलेस्टेरॉल कमी. चिठ्ठीवरच्या सगळ्या स्टॅटिन गोळ्या याच खाचेत बसतात, फक्त कोणती किती घट्ट आणि किती वेळ बसते यात फरक असतो.

रक्तातलं एलडीएल मात्र नुसतं उत्पादन घटल्याने एवढं उतरत नाही. यकृताच्या पेशीला आतला साठा कमी झाल्याचं कळतं आणि ती आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवते. हे रिसेप्टर रक्तातलं एलडीएल ओढून आत घेतात. रिपोर्टमध्ये जो आकडा खाली आलेला दिसतो तो मुख्यतः या ओढण्याचा परिणाम असतो. त्यासोबत पेशी ते अडवलेलं एन्झाइमही जास्त बनवायला लागते. म्हणून कॅप्सूल बंद केली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी परत जातो. कोर्स करून थांबायची ही गोष्ट नाही.

आता आमच्याकडचे आकडे. सुरुवातीला एकूण कोलेस्टेरॉल २४६, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १८०. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल हिशोबाने काढतात: ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग ३६, म्हणून २४६ वजा ४४ वजा ३६, म्हणजे १६६. पहिल्या बाटलीवर आठ आठवड्यांनी एकूण २११, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड १६५. एलडीएल १३३. साधारण २० टक्के घट, आणि चांगल्या रेड यीस्ट राइसने १५ ते २५ टक्के घट होते असं जे म्हणतात त्यात हे बसतं. नंतर त्याच नावाची पण वेगळ्या बॅचची बाटली आली. तोच डोस, तीच वेळ, तेच जेवण. रिपोर्ट आला एकूण २३३, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १७०, म्हणजे एलडीएल १५५. घट सात टक्क्यांवर आली. एलडीएल काहीही न करता दहा-बारा आकडे वरखाली होतं, त्यामुळे दुसऱ्या बाटलीने काही काम केलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. (तुलना करायची तर लॅब एकच ठेवा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशोब चालत नाही, थेट एलडीएल मोजून घ्यावं लागतं.)

असं का झालं? लेबलवरचे ६०० मिलीग्रॅम हे आंबवलेल्या तांदळाच्या पावडरीचं वजन आहे, मोनाकोलिनचं नाही. पावडरीत मोनाकोलिन के ०.४ टक्के असेल तर एका कॅप्सूलमध्ये २.४ आणि दिवसाला ४.८ मिलीग्रॅम जातं. तेच १.५ टक्के असेल तर कॅप्सूलमध्ये ९ आणि दिवसाला १८. लेबल दोन्हींचं सारखंच दिसेल. बुरशीचा वाण, तापमान, किती दिवस आंबवलं, यावर हे प्रमाण ठरतं. अमेरिकेत २०१० मध्ये १२ उत्पादनं तपासली तेव्हा एका कॅप्सूलमधलं मोनाकोलिन के ०.१ पासून १० मिलीग्रॅमपर्यंत निघालं होतं. म्हणजे शंभरपट फरक. पावडर गडद लाल आहे म्हणून माल कसदार, असं विक्रेते सांगतात. त्यावर अजिबात विसंबू नका. लाल रंग देणारी द्रव्यं वेगळी, मोनाकोलिन वेगळं. खाद्यरंगासाठी वाढवलेला लालभडक तांदूळ मोनाकोलिनच्या बाबतीत जवळजवळ रिकामा असू शकतो.

म्हणून विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे त्या बॅचचं तपासणी प्रमाणपत्र मागा आणि त्यात दोन ओळी शोधा. एक, मोनाकोलिन के किती मिलीग्रॅम. दुसरी, सिट्रिनिन. काही मोनॅस्कस वाण सिट्रिनिन नावाचं विष तयार करतात आणि ते मूत्रपिंडाला घातक असतं. युरोपात त्याची मर्यादा किलोमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. वर सांगितलेल्या १२ पैकी चार उत्पादनांत ते सापडलं होतं. आम्ही प्रमाणपत्र मागितलं तेव्हा ‘शंभर टक्के व्हेज, जीएमपी सर्टिफाइड’ एवढंच उत्तर आलं. या दोन्हींतून वरच्या दोन आकड्यांबद्दल काहीच कळत नाही.

घ्यायची वेळ रात्रीच्या जेवणासोबत. लोवास्टॅटिन उपाशीपोटी नीट शोषलं जात नाही, आणि ते शरीरात थोडे तासच टिकतं. यकृताचं कोलेस्टेरॉल बनवण्याचं काम रात्री जास्त चालतं, म्हणून सकाळची कॅप्सूल कमी कामाची. ओट ब्रान किंवा पेक्टिनसारखा तंतुमय पदार्थ सोबत घेतला तर शोषण घटतं. रात्री इसबगोल घेणाऱ्यांनीही दोन-तीन तासांचं अंतर ठेवलेलं बरं.

सगळ्यात जास्त काळजी करावी अशी गोष्ट मात्र वेगळीच आहे. लोवास्टॅटिन यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमने मोडलं जातं. हे एन्झाइम दुसऱ्या औषधाने बंद पाडलं तर रक्तातलं प्रमाण कित्येक पट चढतं आणि स्नायू विरघळायला लागू शकतात. नागपुरात उन्हाळा-पावसाळ्यात घामाने गजकर्ण होणारे कितीतरी लोक आहेत आणि त्यांना इट्राकोनॅझोल सर्रास दिलं जातं. इट्राकोनॅझोल आणि लोवास्टॅटिन एकत्र देणं औषधाच्या माहितीपत्रकातच निषिद्ध आहे, आणि इट्राकोनॅझोल थांबवल्यावरही दोन आठवडे. घशासाठी किंवा जठरातल्या जंतूंसाठी मिळणारं क्लॅरिथ्रोमायसिन याच यादीत आहे. बीपीच्या डिल्टियाझेम, व्हेरापामिलनेही प्रमाण वाढतं. त्वचेचे डॉक्टर विचारतात, ‘दुसरं कुठलं औषध चालू आहे का?’ आणि माणूस म्हणतो, ‘नाही जी, काहीच नाही.’ कारण ऑनलाइन आणलेली तांदळाची कॅप्सूल त्याच्या लेखी औषधच नसते. सरळ सांगा: लोवास्टॅटिन चालू आहे. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा. आपल्या संत्र्याला ही भीती नाही.

दुष्परिणाम स्टॅटिनचेच. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखेच दुखणं, जिना चढताना पाय उचलला न जाणं, आणि हे दिवसेंदिवस टिकणं. मे महिन्यात इथे यात गोंधळ होतो, कारण उन्हात मीठ-पाणी कमी पडूनही पेटके येतात. पेटका अचानक येतो, एखाद्या पोटरीत येतो आणि विश्रांतीने, मीठ-साखर-पाण्याने सुटतो. स्टॅटिनचं दुखणं तसं सुटत नाही. लघवी काळ्या चहासारखी झाली तर कॅप्सूल त्याच क्षणी बंद करा, स्नायूंसाठी सीपीके आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यकृताचा आजार असेल, गर्भधारणा असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर हे घ्यायचंच नाही. आधीच ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन चालू असेल तर वर हे म्हणजे दोन स्टॅटिन झाली.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये अशा उत्पादनांत दिवसाला ३ मिलीग्रॅमपेक्षा कमीच मोनाकोलिन असावं असा नियम केला. सुरक्षित दैनंदिन मात्रा ठरवता येत नाही, असं तिथल्या तज्ज्ञांनी आधीच सांगितलं होतं. एवढ्या कमी मात्रेत मग एलडीएल जास्त मात्रेइतकं उतरेलच असं नाही, हेही ओघानेच आलं.

पाचपैकी दोन तारे. एक तारा द्रव्य खरंच काम करतं म्हणून, दुसरा पहिल्या बाटलीसाठी. दुसऱ्या रिपोर्टनंतर धंतोलीतल्या डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवून ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलीग्रॅम रोज एक, असं लिहून दिलं. मध्ये काही दिवस अंतर ठेवावं लागलं नाही, कॅप्सूलच्या जागी दुसऱ्या रात्रीपासून गोळी. आठ आठवड्यांनी एलडीएल १०४, यकृताची एसजीपीटी तपासणी नॉर्मल, स्नायूंची तक्रार नाही. जेनेरिक गोळ्यांचा महिन्याचा खर्च कॅप्सूलच्या बाटलीच्या किमतीचा अगदी छोटा भाग आहे, आणि प्रत्येक गोळीत १० म्हणजे १० मिलीग्रॅमच असतं.